खातेप्रमुखाचे दीड पान : टाऊनचे बजेट फिनान्स कमिटीपुढे जाते तेव्हा

मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींना प्रॉपर्टी टॅक्सचे बिल चांगलेच परिचयाचे असते. त्यातला मोठा वाटा शाळांना जातो हेही सर्वांना ठाऊक असते. पण उरलेला पैसा लायब्ररी, रस्ते, अग्निशमन, आरोग्य या खात्यांत कोण आणि कसा वाटतो, याची मात्र फारशी चौकशी कोणी करत नाही. दरवर्षी हिवाळ्यात प्रत्येक खात्याचा प्रमुख पुढच्या वर्षाची मागणी टाऊनच्या फिनान्स कमिटीकडे पाठवतो. आकड्यांच्या तक्त्यांवर तो एक-दीड पानाचे पत्र जोडतो. यालाच कव्हरिंग मेमो म्हणतात. तक्ते पन्नास पानांचे असले तरी कमिटीचे सभासद आधी वाचतात ते हे पत्र, आणि कित्येकदा चर्चा त्याच्यावरच होते.

आपल्यापैकी काही जण आता टाऊनच्या नोकरीत वरच्या जागेवर आहेत, काही जण अशा कमिट्यांवर बसतात, आणि बाकीचे आपण सगळे कर भरणारे. तिघांनाही हे पत्र नीट लिहिता किंवा वाचता यायला हवे. म्हणून या लेखात एकाच खात्याचे एक पत्र घेऊन ते आतून पाहू. खाते निवडले आहे आरोग्याचे, म्हणजे हेल्थ डिपार्टमेंट. ते लहान असते, त्याचे आकडे डोक्यात मावतात आणि त्याचे काम आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोचते. गाव काल्पनिक आहे आणि पगार-खर्चाचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

आधी चौकट समजून घेऊ

टाऊनचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. ज्या साली ते संपते त्या सालाचे नाव त्याला देतात. म्हणजे १ जुलै २०२७ ते ३० जून २०२८ हे झाले २०२८ चे वर्ष. आपले उदाहरण याच वर्षाचे आहे. मागण्या साधारण डिसेंबरात गोळा होतात. जानेवारी ते मार्च फिनान्स कमिटी एकेका खातेप्रमुखाला बोलावून प्रश्न विचारते. वसंत ऋतूत टाऊन मीटिंग भरते आणि शेवटचे मत तिथे पडते. फिनान्स कमिटी स्वतः पैसे मंजूर करत नाही, ती शिफारस करते. पण टाऊन मीटिंगला आलेल्या लोकांच्या हातात कमिटीच्या शिफारशींची पुस्तिका असते, आणि बहुतेक मते त्या शिफारशीच्या बाजूने जातात. म्हणून खातेप्रमुखाला पटवायचे असते ते या कमिटीला.

कमिटीचे हात बांधलेले असतात ते १९८० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन अडीचने. या कायद्याप्रमाणे टाऊनला प्रॉपर्टी टॅक्समधून जमवता येणाऱ्या एकूण रकमेची मर्यादा वर्षाला अडीच टक्क्यांनीच वाढते. त्यात नव्या बांधकामामुळे आलेल्या कराची भर पडते. याहून जास्त हवे असेल तर मतपेटीतून ओव्हरराइड मंजूर करून घ्यावा लागतो. त्यामुळे कित्येक टाऊन्स शरद ऋतूतच सर्व खात्यांना सांगतात : यंदा वाढ अडीच टक्क्यांच्या आत ठेवा. या सूचनेला गाइडलाइन म्हणतात. एका खात्याने ती ओलांडली तर तेवढे पैसे दुसऱ्या खात्यातून यावे लागतात. कमिटीचा सभासद पत्र वाचताना मनात हाच हिशेब करत असतो.

एक आकडा तीन ठिकाणी फोडायचा

आता आपले उदाहरण. गावाच्या हेल्थ डिपार्टमेंटचे चालू वर्षाचे बजेट आहे २,७०,००० डॉलर. यापैकी २,३५,००० पगार आणि ३५,००० इतर खर्च. खात्यात एक डायरेक्टर, एक इन्स्पेक्टर, आठवड्याला चोवीस तासांचा क्लार्क आणि आठवड्याला अठरा तासांची पब्लिक हेल्थ नर्स. याशिवाय गेली तीन वर्षे एका ग्रँटमधून शेजारच्या नर्सिंग एजन्सीची नर्स आठवड्याला सात तास येते. ही ग्रँट ३० जून २०२७ ला संपते.

डायरेक्टरला पुढच्या वर्षी आजच्याइतकेच काम करायचे आहे. नवे काही नको. तरी त्याची मागणी येते ३,०१,५१५ डॉलर. वाढ ३१,५१५ डॉलर, म्हणजे ११.७ टक्के. गाइडलाइन अडीच टक्क्यांची. नुसता हा आकडा कमिटीपुढे ठेवला तर पहिला प्रश्न येणार : सगळ्यांनी पोट आवळायचे आणि तुम्हाला अकरा टक्के कशाला?

म्हणून पत्राचे पहिले काम हे, की हा आकडा तीन भागांत फोडून दाखवायचा.

पहिला भाग पगारांचा. युनियनशी झालेल्या करारानुसार सर्वांना अडीच टक्के वाढ, म्हणजे ५,८७५ डॉलर. दोघांची वेतनश्रेणीत एक पायरी वर जाण्याची वेळ, त्याचे २,०००. आणि ९०० डॉलर एका जादा दिवसाचे. हा जादा दिवस कुठून आला? २०२८ हे लीप वर्ष आहे. त्या आर्थिक वर्षात शनिवार-रविवार सोडून २६२ दिवस पडतात, आधीच्या वर्षात २६१ पडतात. तासावर किंवा दिवसावर पगार मोजणाऱ्या टाऊनला हा एक दिवस भरावाच लागतो, आणि २,३५,००० ला २६१ ने भागले की ९०० येतात. एकूण ८,७७५. हा करार टाऊनने स्वतः केलेला आहे, त्यामुळे खातेप्रमुखाला यात निवड नाही.

दुसरा भाग भाववाढीचा. तपासण्यांच्या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी ६०० ने वाढली, तळ्याच्या पाण्याच्या चाचणीची फी ३०० ने. एकूण ९००.

हे दोन भाग मिळून ९,६७५ डॉलर, साधारण ३.६ टक्के. यालाच लेव्हल सर्व्हिस म्हणतात : काल जेवढी सेवा दिली तेवढीच उद्या द्यायची तर लागणारी रक्कम, २,७९,६७५ डॉलर. याच्याशी गल्लत होते ती लेव्हल फंडेड या शब्दाची. लेव्हल फंडेड म्हणजे गेल्या वर्षीइतकीच रक्कम, २,७०,००० डॉलर. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात. पण लेव्हल फंडेड बजेट घेतले तर खात्याला ९,६७५ डॉलरची सेवा कमी करावी लागते. टाऊन मीटिंगमध्ये कोणी म्हणाले, आम्ही काही कापले नाही, गेल्या वर्षीइतकेच दिले आहे, तर ते यापैकी कशाबद्दल बोलत आहेत ते जरूर विचारावे.

तिसरा भाग ग्रँटचा. सात तासांच्या नर्सचा खर्च आजवर बाहेरून येत होता, आता तो टाऊनच्या पैशातून करायचा. गावाच्या दृष्टीने सेवा तीच, पण टाऊनच्या तिजोरीच्या दृष्टीने हा संपूर्ण नवा खर्च. २०२१ साली आलेल्या फेडरल मदतीतून देशभरच्या टाऊन्सनी अशी कामे सुरू केली. त्या मदतीचा प्रत्येक डॉलर ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कोणत्या तरी कामाशी बांधायचा आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्चायचा, अशी अट होती. त्यामुळे ग्रँट संपली, आता काय, हा प्रश्न एकट्या आपल्या काल्पनिक गावाचा नाही.

वीस तासांची रेषा

खरी मेख या तिसऱ्या भागात आहे, आणि अनुभवी कमिटी बोट ठेवते ती इथेच.

हे सात तास भरून काढायचे दोन मार्ग आहेत. एक, आपल्याच नर्सचे तास अठरावरून पंचवीस करायचे. तिचा दर तासाला ४२ डॉलर. २६२ दिवस म्हणजे ५२.४ आठवडे. सात तास गुणिले ५२.४ गुणिले ४२, झाले १५,४०६ डॉलर. दुसरा मार्ग, एजन्सीची नर्स टाऊनच्या पैशाने चालू ठेवायची. एजन्सी तासाला ६० डॉलर घेते. सात तास, ५२ आठवडे, झाले २१,८४० डॉलर.

खात्याच्या तक्त्यात पहिला मार्ग साडेसहा हजारांनी स्वस्त दिसतो. तो घेतला तर खात्याची एकूण वाढही ११.७ टक्क्यांऐवजी ९.३ टक्केच दिसते. आपली नर्स, आपली माणसे, शिवाय स्वस्त. कोणत्याही डायरेक्टरला हाच मोह होईल.

पण राज्याच्या कायद्याप्रमाणे टाऊनचा कर्मचारी आठवड्याला वीस तास किंवा जास्त काम करू लागला की तो टाऊनच्या आरोग्य विम्याला पात्र होतो. अठरा तासांची नर्स आज पात्र नाही, पंचवीस तासांची होईल. फॅमिली प्लॅनमधला टाऊनचा वाटा वर्षाला २०,००० डॉलर धरू. मग पहिल्या मार्गाचा खरा खर्च १५,४०६ नसून ३५,४०६ होतो. एजन्सीपेक्षा तो वर्षाला साडेतेरा हजारांनी महाग आहे, आणि विम्याचे हप्ते वाढतील तसा वाढत जाणारा आहे. पेन्शनचे प्रकरण वेगळे. तिथे सभासदत्व किती तासांना सुरू होते ते त्या त्या रिटायरमेंट बोर्डाच्या नियमावर असते, पण तोही बोजा येऊ शकतो.

मग हे २०,००० डॉलर दिसले का नाहीत? कारण बहुतेक टाऊन्समध्ये विमा आणि पेन्शन खात्यांच्या बजेटमध्ये नसतात. ते सगळ्या टाऊनसाठी एका वेगळ्या ठिकाणी एकत्र धरलेले असतात. खातेप्रमुखाच्या तक्त्यात ती ओळच नसते. त्याने कोणतीही लबाडी न करता निव्वळ आपला तक्ता भरला तरी चित्र अर्धेच उमटते. म्हणून हा आकडा पत्रात यावा लागतो.

कोणी म्हणेल, आमच्या नर्सला नवऱ्याच्या नोकरीतून विमा आहे, ती आपला घेणार नाही. आज नसेल घेत. पण नवऱ्याची नोकरी गेली तर ती मध्येच घेऊ शकते, आणि तिच्या जागी उद्या येणारी नर्स पहिल्या दिवसापासून घेऊ शकते. बजेट जागेचे करायचे असते, त्या जागेवर आज बसलेल्या व्यक्तीचे नव्हे.

याचा अर्थ एजन्सी नेहमीच चांगली असा नाही. एजन्सीची नर्स बदलत राहते, गावातली म्हातारी माणसे तिला ओळखत नाहीत, आणि एखाद्या साथीत सगळी गावे एकदमच तिला बोलावतात. डायरेक्टरला या कारणांसाठी स्वतःची नर्स हवी असेल तर त्याने तसे लिहावे, आणि त्याची किंमत ३५,४०६ आहे हेही लिहावे. किंमत माहीत असताना कमिटीने हो म्हटले तर ते टिकते. दोन वर्षांनी विम्याच्या ओळीत ती सापडली तर त्या खात्याच्या पुढच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास बसत नाही.

नाही म्हटले तर काय थांबेल

पत्राचे दुसरे काम म्हणजे पैसे न मिळाल्यास काय होईल ते सांगणे. इथे बहुतेक पत्रे घसरतात. सार्वजनिक आरोग्यावर गंभीर परिणाम होईल, हे वाक्य कोणत्याही खात्याला आणि कोणत्याही वर्षाला चालते, म्हणून कमिटीला त्यातून काहीच कळत नाही.

डायरेक्टरने आधी दोन प्रकारची कामे वेगळी करायला हवीत : कायद्याने करावीच लागणारी आणि आपण स्वखुशीने करत असलेली. डॉक्टरांनी किंवा लॅबने कळवलेल्या संसर्गजन्य रोगांचा पाठपुरावा करणे हे मॅसॅच्युसेट्समध्ये गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थचे कामच आहे. क्षयाचा रुग्ण असेल तर तो महिनोन्महिने औषध नियमित घेतो की नाही यावर नर्स लक्ष ठेवते. हे थांबवता येत नाही. सिनिअर सेंटरमधले रक्तदाबाचे क्लिनिक, हॉस्पिटलमधून घरी आलेल्या एकट्या वृद्धांच्या भेटी, या गोष्टी मात्र थांबवता येतात. आणि पैसा कमी पडला की त्याच थांबतात, कारण उरलेले अठरा तास आधी कायद्याच्या कामाला जातात. आपल्या भेटीला आलेल्या आई-वडिलांपैकी कित्येकांची इथली पहिली ओळख अशा क्लिनिकमधल्या नर्सशीच होते. तेव्हा कात्री कुठे लागणार हे समजून घेणे आपल्याही घरचे काम आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. फिनान्स कमिटीला दिलेले पत्र सार्वजनिक कागद असते, कोणीही मागू शकतो. लहान गावात क्षयाचे दोन रुग्ण आहेत असे लिहिले, वर वय किंवा देश लिहिला, तर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. नर्सचे तास कशात जातात ते सांगायचे, रुग्ण कोण ते नाही.

पत्र प्रत्यक्षात असे दिसेल

मूळ पत्र अर्थातच इंग्रजीत जाते. त्याचा मजकूर मराठीत असा होईल :

> प्रति : फिनान्स कमिटी
> प्रेषक : डायरेक्टर, हेल्थ डिपार्टमेंट
> विषय : २०२८ च्या वर्षासाठी बजेटची मागणी
>
> २०२८ साठी खात्याची मागणी ३,०१,५१५ डॉलर आहे. चालू वर्षापेक्षा ती ३१,५१५ डॉलरने, म्हणजे ११.७ टक्क्यांनी जास्त आहे. या रकमेत कोणतीही नवी सेवा नाही. वाढीची कारणे तीन :
>
> करारानुसार पगारवाढ, वेतनश्रेणीतील पायऱ्या आणि लीप वर्षाचा एक दिवस : ८,७७५ डॉलर.
> सॉफ्टवेअर व पाणी-चाचणीची दरवाढ : ९०० डॉलर.
> ३० जून २०२७ ला संपणाऱ्या ग्रँटच्या जागी आठवड्याला सात तासांची एजन्सी नर्स : २१,८४० डॉलर. हा खर्च दरवर्षी येणारा आहे.
>
> आमच्या नर्सचे तास अठरावरून पंचवीस करण्याचा विचार आम्ही केला. खात्याच्या बजेटमध्ये त्याचा खर्च १५,४०६ डॉलर दिसला असता. परंतु ती जागा आरोग्य विम्याला पात्र होऊन टाऊनवर वर्षाला सुमारे २०,००० डॉलरचा वेगळा बोजा आला असता. म्हणून एजन्सीचा मार्ग सुचवीत आहोत.
>
> या सात तासांत आज आठवड्याला दोन तास सिनिअर सेंटरमधले रक्तदाब क्लिनिक आणि पाच तासांत साधारण चार घरभेटी होतात. संपूर्ण रक्कम देणे शक्य नसल्यास आठवड्याला चार तास ठेवावेत, त्याचे १२,४८० डॉलर होतात. यात तीन घरभेटी चालू राहतील, क्लिनिक बंद होईल. काहीच न मिळाल्यास दोन्ही १ जुलैपासून बंद होतील. रोगांचा पाठपुरावा आमची नर्स तिच्या अठरा तासांत करत राहील.
>
> ग्रँटचा भाग वगळूनही मागणी २,७९,६७५ डॉलर होते आणि अडीच टक्क्यांच्या गाइडलाइनपेक्षा २,९२५ डॉलरने वर जाते. गाइडलाइन पाळायची असल्यास क्लार्कचे आठवड्याचे दोन तास (२,७२५ डॉलर) आणि प्रशिक्षणाचे २०० डॉलर कमी करू. त्यामुळे कार्यालयाची खिडकी शुक्रवारी दुपारी दोन तास बंद राहील.
>
> गेल्या वर्षी पगाराच्या ओळीत सुमारे ७,८०० डॉलर शिल्लक राहून परत गेले. क्लार्कची जागा तीन महिने रिकामी होती, हे त्याचे कारण. ती आता भरली आहे.
>
> परवान्यांची फी वाढवण्याचा विचार बोर्ड ऑफ हेल्थ करत आहे. तिचे अंदाजे ६,००० डॉलर टाऊनच्या सर्वसाधारण जमेत जातील. ते वरच्या मागणीतून वजा केलेले नाहीत.

एवढेच. एका पानाच्या थोडे पुढे जाते, पण सभासदाला तक्ता न उघडता सगळा निर्णय समोर दिसतो.

शेवटचे दोन परिच्छेद का हवेत

गेल्या वर्षीच्या शिल्लकीचा उल्लेख अनावश्यक वाटेल. पण कमिटीसमोर गेल्या दोन-तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च असतोच. मंजूर झालेले पैसे वर्षअखेर उरले की ते टाऊनच्या तिजोरीत परत जातात, आणि कोणीतरी विचारतोच : गेल्या वर्षी पावणेआठ हजार उरले, मग यंदा जास्त कशाला? उत्तर आधी लिहिलेले असले तर प्रश्न एका मिनिटात संपतो. सुनावणीत अडखळत दिले तर तीच रक्कम कापली जाण्याची शक्यता वाढते.

फीचा परिच्छेदही असाच. पुष्कळ खातेप्रमुख सांगतात की आम्ही ६,००० डॉलर कमावतो, म्हणून आमची निव्वळ मागणी कमी धरा. टाऊनचा हिशेब असा चालत नाही. साधारणपणे फी तिजोरीत जमा होते आणि खर्चाला संपूर्ण रकमेची मंजुरी लागते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च करणे खात्याला कायद्याने बंद आहे. वजा करून मागितले आणि फी आली नाही, तर खाते मे महिन्यात अडकते.

दोन पळवाटा, ज्या चालत नाहीत

अशा वेळी कमिटीतच कोणीतरी सुचवते, हे २१,८४० यंदा फ्री कॅशमधून द्या. फ्री कॅश म्हणजे मागच्या वर्षांच्या शिल्लकीतला राज्याच्या महसूल खात्याने प्रमाणित केलेला भाग. लस ठेवायचा फ्रिज घ्यायचा असेल तर तो पैसा योग्य, कारण फ्रिज एकदाच घ्यायचा असतो. नर्स मात्र दरवर्षी लागते. एकदाच मिळणाऱ्या पैशातून दरवर्षीचा खर्च भागवला की ग्रँट संपल्याचा प्रश्न एक वर्ष पुढे ढकलला जातो, एवढेच होते. म्हणूनच पत्रात हा खर्च दरवर्षी येणारा आहे, हे छोटे वाक्य घातले आहे.

दुसरी पळवाट खातेप्रमुखाची. आत्ता मागणी कमी दाखवू, नंतर रिझर्व्ह फंडातून घेऊ. रिझर्व्ह फंड फिनान्स कमिटीच्याच हातात असतो, पण तो असाधारण किंवा आधी न कळलेल्या खर्चासाठी असतो. ग्रँट ३० जूनला संपणार हे डिसेंबरात माहीत होते. तेव्हा पुढच्या मार्चमध्ये तो खर्च अनपेक्षित म्हणून मागता येत नाही, आणि मागितला तर कमिटी डिसेंबरचे पत्र काढून दाखवते.

आपण काय करू शकतो

फिनान्स कमिटीच्या सभा सर्वांना खुल्या असतात. सभेची सूचना किमान ४८ तास आधी लावावी लागते, त्यात शनिवार, रविवार आणि सुटीचे दिवस धरत नाहीत. तिथे बसून ऐकायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनीही जावे. टाऊन मीटिंगमध्ये मत देण्यासाठी मात्र नोंदवलेला मतदार असावे लागते, म्हणजे नागरिक. खुल्या टाऊन मीटिंगच्या गावात प्रत्येक मतदार मत देऊ शकतो. मोठ्या गावांत निवडून दिलेले प्रतिनिधी मत देतात, तिथे आपल्या भागाच्या प्रतिनिधीला आधी गाठावे लागते.

आपल्या गावाच्या कोणत्याही खात्याचे पत्र टाऊन क्लार्ककडे मागून घ्यावे आणि हातात पेन्सिल घेऊन तीन गोष्टी शोधाव्यात. वाढ कारणांप्रमाणे फोडली आहे का? नव्या किंवा वाढवलेल्या जागेपुढे विम्याचा आकडा आहे का? आणि पैसे न मिळाल्यास नेमके काय, कोणत्या दिवसापासून बंद होईल, हे लिहिले आहे का? यापैकी जे सापडणार नाही तोच प्रश्न सुनावणीच्या रात्री उभे राहून विचारावा. सुनावण्या जानेवारी ते मार्चमध्ये होतात. टाऊन मीटिंगच्या रात्रीपर्यंत थांबलात तर आकडे छापून झालेले असतात, आणि मग रक्तदाबाच्या क्लिनिकसाठी एकट्याने उठून दुरुस्ती मांडणे बरेच अवघड जाते.